‘अरे बाप रे’ इंग्रजीत किती जोरात?

मराठी-हिंदी माणसाचा ‘बाप रे’ इंग्रजांनी दीड-दोनशे वर्षांपूर्वीच आपल्या भाषेत नेला, पण नेताना त्याचा पार चेहरामोहरा बदलला. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश 1886 साली प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या देशी शब्दांचा तो भलामोठा संग्रह. त्यात ‘बॉबरी’ असा एक शब्द आहे. अर्थ : गोंगाट, आरडाओरडा, दंगा. त्याचं मूळ कोशकारांनी ‘बाप रे’ असं दिलं आहे. नोकरचाकर, हमाल, बाजारातली माणसं सारखी ‘बाप रे, बाप रे’ करताना ऐकू येत असणार. साहेबाच्या कानाला त्यातलं आश्चर्य किंवा दुःख कळलं नाही, आवाज तेवढा कळला. मग आवाजालाच तो शब्द चिकटला. पुढे तर कोल्ह्यांच्या शिकारीला नेलेल्या मिश्र जातींच्या कुत्र्यांच्या टोळीला ‘बॉबरी पॅक’ म्हणू लागले.

याच कोशात एक गमतीदार नोंद आहे. हा उद्गार इंग्रज वाचकाला विचित्र वाटेल हे ओळखून कोशकार सांगतात, की आमच्या ओळखीचा स्कॉटलंडकडचा एक गृहस्थ येता-जाता ‘माय ग्रेट-ग्रँडमदर!’ असं म्हणायचा. म्हणजे बापाला हाक मारणं विचित्र असेल, तर पणजीला हाक मारणारेही आहेत. उद्गाराचं भाषांतर कसं करावं याचा हा एक जुना आणि चतुर नमुना म्हणायला हवा. शब्दाला शब्द त्यांनी दिलाच नाही. असं बोलणारं आपल्याकडचं माणूस कोण, एवढंच दाखवलं.

मराठी कथा-कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद करणारे आणि मराठी चित्रपट-मालिकांची इंग्रजी उपशीर्षकं लिहिणारे आजही याच अडचणीतून रोज वाट काढतात. लांबलचक वर्णनं, म्हणी, नात्यांची नावं यांना टीप देता येते, वाक्य फिरवता येतं. ‘छे!’ला टीप देता येत नाही. तो एका अक्षराचा असतो, अर्ध्या सेकंदात संपतो आणि इंग्रजीत चुकीचा पडला तर बोलणाऱ्याचा स्वभावच बदलतो.

शाळेच्या व्याकरणात या शब्दांना केवलप्रयोगी अव्ययं म्हणतात. त्यांचे प्रकार पाठ केलेले असतात : हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, प्रशंसादर्शक, विरोधदर्शक, तिरस्कारदर्शक. ‘बापरे’ आश्चर्यात, ‘शाबास’ प्रशंसेत, ‘छे’ विरोधात. परीक्षेला एवढं पुरतं. अनुवादकाला मात्र खाना कळून भागत नाही, कारण एकाच खान्यात ‘अबब’ही आहे आणि ‘अगंबाई’ही. आश्चर्य किती मोठं, ते कोणाला झालं, कोणासमोर झालं आणि त्या उद्गाराने संभाषणात नेमकं काय काम केलं, हे त्या यादीत कुठेच नसतं. इंग्रजी शब्द निवडताना तेवढंच तर लागतं.

‘अरे बाप रे’पासून सुरुवात करू. त्यात ‘अरे’ आणि ‘रे’ अशी दोन पुल्लिंगी संबोधनं आहेत, मध्ये बाप आहे. पण आज त्यातलं काहीच शब्दशः जिवंत नाही. बाई बाईशी बोलतानाही ‘अरे बाप रे’च म्हणते, ‘अगं बाप गं’ म्हणत नाही. बापाची आठवणही कोणाला होत नसते. तो साचा घट्ट होऊन बसला आहे. म्हणून ‘ओ फादर’ हे भाषांतर हास्यास्पद. इंग्रजी वाचकाला त्यात चर्चचा पाद्री दिसेल.

या साच्याचा पल्ला मात्र फार लांबचा. रस्त्यावर अपघात पाहिला तरी ‘अरे बाप रे’, कांद्याचा भाव ऐकला तरी ‘अरे बाप रे’, आणि घड्याळ पाहून ‘अरे बाप रे, पाच वाजले!’ म्हणत माणूस उठतो तेव्हाही तेच. पहिल्या ठिकाणी धक्का आणि भीती आहे, दुसऱ्या ठिकाणी अर्धं आश्चर्य अर्धी तक्रार, आणि तिसऱ्या ठिकाणी तर निघण्याची तयारी फक्त. मराठीत हा फरक आवाज दाखवतो. इंग्रजीत तो शब्द बदलून दाखवावा लागतो.

आणि इथे एक मोठा फरक आडवा येतो. मराठी माणूस दचकला की बहुधा घरातल्यांना हाक मारतो : बाप रे, आई गं, अगं बाई. देवालाही मारतो, अरे देवा, राम राम, शिव शिव. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही, उलट देवाचं नाव तोंडी आलं म्हणून बरंच वाटतं. इंग्रजीतले जोरकस उद्गार मात्र बहुतेक देवाधर्मावरून आले आहेत, आणि दहा आज्ञांपैकी एक आज्ञाच अशी, की परमेश्वराचं नाव व्यर्थ घेऊ नये. त्यामुळे तिथे देवाचं नाव हेच उद्गाराचं बळ ठरलं आणि तेच पापही ठरलं. इंग्लंडमध्ये 1606 साली कायदा झाला, की नाटकात रंगमंचावर देवाचं किंवा ख्रिस्ताचं नाव थट्टेने किंवा उगाच घेतलं तर दर वेळी दहा पौंड दंड. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ची 1622ची प्रत आणि 1623च्या संग्रहातली प्रत शेजारी ठेवली तर ‘देवाच्या जखमांची शपथ’ अशा अर्थाचा ‘झाउंड्स’ हा उद्गार दुसऱ्या प्रतीतून गाळलेला दिसतो.

कायद्याला आणि घरच्या वडीलधाऱ्यांना चुकवण्यासाठी इंग्रजांनी मग मोडतोड केलेले उद्गार घडवले. ‘गॉड’चं ‘गॉश’ आणि ‘गॉली’ झालं, ‘जीझस’चं ‘जी’ आणि ‘जीझ’, ‘डॅम’चं ‘डार्न’. परिणाम असा, की इंग्रजीत आश्चर्याला एक चढती पायरी आहे. ‘गॉश’ लहान मुलासमोर चालतं, ‘माय गुडनेस’ आजीच्या तोंडी शोभतं, ‘गुड गॉड’ जरा खडूस वयस्क पुरुषाचं, ‘जीझस’ किंवा ‘क्राइस्ट’ श्रद्धाळू ख्रिस्ती घरात बोलला तर वातावरण बिघडेल, आणि त्याच्या वर शरीरधर्मावरच्या शिव्या सुरू होतात. ‘अरे बाप रे’ यातल्या कुठल्याही पायरीवर उभा नाही, कारण त्याला पापाची धारच नाही. तो कीर्तनकारही म्हणतो आणि ट्रकचालकही. म्हणून ‘अरे बाप रे’ला ‘जीझस!’ लिहिणारा अनुवादक धक्क्याचं माप बरोबर पकडतो, पण त्याचबरोबर मराठी माणसाच्या तोंडी एक असभ्यपणा नकळत घालतो, जो मुळात नव्हता.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणून ‘ओ माय गॉड’ सर्रास वापरलं जातं. हा उद्गार आता इतका झिजला आहे, की त्याला धार उरलेली नाही. त्यातही तो तरुण आणि शहरी वाटतो. सत्तरीच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘ओ माय गॉड’ आलं की तो शेतकरी मॉलमध्ये उभा असल्यासारखा दिसतो. (त्याचं लघुरूप ‘ओएमजी’ मात्र तरुणांचं नाही बरं का. ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल लॉर्ड फिशर यांनी 1917 साली विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात ते सापडतं, तेव्हा फिशर पंचाहत्तरीच्या पुढे होते.) कांद्याच्या भावाला ‘गुडनेस’ किंवा नुसतं ‘हाउ मच?’ पुरतं. घड्याळाच्या वेळी ‘ओ, इज दॅट द टाइम?’ म्हटलं की संपलं, तिथे उद्गार शोधत बसण्याची गरजच नाही. अपघाताला खरं तर ‘ओ गॉड’ पुरेसं असतं. ‘माय’ गाळलं की आवाज खाली उतरतो आणि भीती जास्त खरी वाटते.

‘शाब्बास’ची गोष्ट वेगळी. त्याचा अर्थ शोधायला लागत नाही, तो फारसीतून आला आहे. ‘शाद बाश’, म्हणजे ‘खूश राहा’, असं त्याचं मूळ सांगतात. हॉब्सन-जॉब्सनमध्ये मात्र ‘राजा हो’ अशा अर्थाची व्युत्पत्ती दिली आहे. काहीही असो, मुळात तो आशीर्वाद आहे आणि आशीर्वाद वरून खाली येतो. मराठीत ही दिशा अजून शाबूत आहे. मास्तर मुलाला, वस्ताद पठ्ठ्याला, सासरा सुनेला, शेतकरी बैलाला शाब्बास म्हणतो. कारकुनाने साहेबाला ‘शाब्बास, छान सही केलीत’ म्हटलं तर साहेब वर बघेल. इंग्रजीतलं ‘वेल डन’ बऱ्यापैकी याच दिशेने जातं, म्हणून ते चांगलं जोड शब्द आहे. ‘कॉंग्रॅच्युलेशन्स’ मात्र कोणीही कोणालाही म्हणतं, त्यामुळे तिथे आजोबाचा हात पाठीवरून फिरत नाही.

जोर कुठून येतो तेही पाहण्यासारखं आहे. मूळ शब्द ‘शाबास’. बोलताना ब दुहेरी होतो. मराठीत हा नेहमीचा मार्ग आहे : मोठा-मोठ्ठा, इतका-इत्तका, एवढा-एव्वढा. व्यंजन दाबून धरलं की भावनेचं वजन वाढतं. इंग्रजीला ही सोय नाही. तिथे जोर वाढवायला सोबतीला दुसरा शब्द लागतो किंवा सगळाच उद्गार बदलावा लागतो. आखाड्यात ‘शाब्बास रे पठ्ठ्या!’ अशी आरोळी उठते तेव्हा ‘वेल डन’ पांढरपेशं वाटतं, बक्षीस समारंभातलं. अमेरिकन वाचकासाठी ‘अट्टाबॉय!’, ब्रिटिश वाचकासाठी ‘गुड लॅड!’ किंवा ‘दॅट्स द वे!’, ऑस्ट्रेलियन वाचकासाठी ‘गुड ऑन या!’ हे जवळचे. ‘गुड बॉय’ कोशात सापडतं आणि शब्दाने जुळतंही, पण हल्ली इंग्रजी कानाला ते कुत्र्याशी बोलल्यासारखं लागतं. बैलाला ‘शाब्बास’ म्हणणाऱ्या शेतकऱ्यासाठी मग ते नेमकं बसतं, मुलासाठी नाही.

किपलिंगने तर हा शब्द जसाच्या तसा ठेवला. 1901 साली आलेल्या ‘किम’ कादंबरीत ‘शाबाश’ भाषांतर न करता वापरला आहे आणि वाचकाला तो प्रसंगावरून कळतो. शाबासकी देण्याजोगं काहीतरी नुकतंच घडलेलं असतं, त्यामुळे अर्थाला अडचण येत नाही. शब्द तसाच ठेवण्याचा हा मार्ग आजचे भारतीय इंग्रजी लेखकही सर्रास घेतात. तो चालतो, पण एका अटीवर : लगेच पुढच्या वाक्यात ऐकणाऱ्यावर काय परिणाम झाला ते दिसलं पाहिजे. मुलगा लाजून हसला, पैलवानाने मांडी थोपटली. नाहीतर परक्या वाचकाला स्तुती कळते, तिची मात्रा कळत नाही.

आता ‘छे’. तिघांमध्ये हा सर्वात छोटा आणि सर्वात फसवा. याचं एक कारण असं, की ‘बाप रे’ आणि ‘शाब्बास’ समोर घडलेल्या गोष्टीवर उमटतात, तर ‘छे’ बहुतेक वेळा समोरच्याच्या वाक्याला दिलेलं उत्तर असतं. म्हणून ‘छे’चं भाषांतर करताना त्याच्याकडे न बघता त्याच्या आधीच्या वाक्याकडे बघावं लागतं.

‘तुमचा मुलगा अमेरिकेत असतो ना?’ ‘छे, पुण्यातच आहे.’ इथे तो साधा नकार आहे, त्याला ‘नो, नो, ही’ज इन पुणे’ एवढं पुरतं. ‘उगाच त्रास दिला तुम्हाला.’ ‘छे छे!’ इथे तो सौजन्य आहे, ‘नॉट ॲट ऑल’. ‘बंड्या पहिला आला म्हणे.’ ‘छे!’ हा अविश्वास, ‘नेव्हर!’ किंवा बोलीत ‘गेट अवे!’ ‘तू घेतलेस का पैसे?’ ‘छे!’ हा जोरदार इन्कार, ‘ऑफ कोर्स नॉट!’ आणि एसटी डोळ्यांदेखत सुटली की माणूस एकटाच ‘छे!’ म्हणतो, तिथे कोणाला उत्तर नाही. तो वैताग आहे आणि त्याला ‘डॅम’ लागतं, किंवा बोलणारा सभ्य गृहस्थ असेल तर ‘ब्लास्ट’. पाच ठिकाणी पाच इंग्रजी शब्द, आणि त्यांतला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. एसटी चुकलेला माणूस ‘नॉट ॲट ऑल’ म्हणाला तर त्याची प्रकृती विचारावी लागेल.

यात एक खुबी अनुवादकांना उपयोगी पडते. बहुतेक उद्गार दोनदा म्हटले की जोर वाढतो : वा-वा, अरे-अरे. ‘छे छे’ मात्र पुष्कळदा मऊ होतं. एकटा ‘छे!’ दार लावतो, ‘छे छे’ हात जोडतो. त्यामुळे ‘छे छे’ दिसलं की ‘नो! नो!’ लिहिण्याआधी थांबायला हवं. दुसरी खूण शेपटीची. ‘छे हो’, ‘छे रे’, ‘छे गं’, ‘छे बुवा’ : पहिल्या तिघांत समोरचं माणूस कळतं, चौथ्यात बोलणारा स्वतःशीच हरल्यासारखा दिसतो. ‘छे बुवा, काही जमत नाही’ला ‘ओ, इट’स नो यूज’ हे छान बसतं; तिथे ‘छे’ वेगळा काढून त्याचं भाषांतर करायला गेलं तर वाक्य लंगडतं. आणि ‘छे’ म्हणजे ‘छी’ नव्हे. ‘छी’ला किळस आहे, इंग्रजीत ‘यक’ किंवा ‘अघ’. घाईत लिहिलेल्या उपशीर्षकांत ही गल्लत झाली की नकार देणारी बाई नाक मुरडताना दिसू लागते.

जुन्या काळच्या इंग्रजी-मराठी कोशांची मदत इथे जपून घ्यावी लागते. त्या काळी ‘फाय’, ‘पिश’, ‘टश’, ‘पशॉ’ असे इंग्रजी तिरस्कार चालू होते आणि ‘छे’ला ते बरोबर बसत. आज हे शब्द फक्त नाटकातल्या सरदारांच्या तोंडी राहिले आहेत. पेशवाईवरच्या कादंबरीत एखाद्या ठिकाणी ते वापरले तर हरकत नाही. डोंबिवलीच्या लोकलमध्ये कोणी ‘पशॉ’ म्हणत नाही.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते एका रचलेल्या प्रसंगावरून पाहू. चित्रपट आहे, सांगलीतलं घर. सुट्टीत गावाला जाऊन आलेलं कुटुंब. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले वडील दारातच विजेचं बिल उघडतात.

‘अरे बाप रे! चौदा हजार तीनशे!’

‘छे हो! काहीतरीच. नीट बघा,’ आई आतून.

‘अगं बाई!’ आजी.

मुलगा खाली मान घालून : ‘बाबा, जाताना एसी बंद करायचा राहिला माझ्याकडून.’

‘शाब्बास!’ बाबा.

पहिला खर्डा बहुतेक असा होतो : ‘ओ माय गॉड’, ‘नो, नो’, ‘ओ माय गॉड’, ‘वेल डन’. चारही कोशातून बरोबर आणि चारही प्रसंगात चूक. बाबा आणि आजी एकाच आवाजात बोलू लागतात, आई नुसतं नाही म्हणते, आणि शेवटी बाबांनी मुलाचं खरंच कौतुक केलं असं परका प्रेक्षक क्षणभर समजतो.

बाबांपासून. निवृत्त, शिस्तीचे, वैतागलेले. त्यांना ‘गुड गॉड’ शोभतं. पण इथे जागेचा प्रश्न येतो. नेटफ्लिक्ससारख्या मंचांच्या इंग्रजी उपशीर्षकांच्या नियमांत एका ओळीत जास्तीत जास्त 42 अक्षरं बसतात, मोकळ्या जागा धरून, आणि मोठ्यांच्या कार्यक्रमात प्रेक्षकाने सेकंदाला 20 अक्षरांपर्यंत वाचावं असं धरलेलं असतं. ‘गुड गॉड’ आणि त्यापुढे सगळा आकडा इंग्रजी शब्दांत लिहिला, तर ओळ रोमन लिपीत बरोब्बर 42 अक्षरांची होते. ओळीत बसते, पण वाचायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. बाबा ते एका दमात, त्याआधीच बोलून मोकळे झालेले असतात. आकडा अंकांत लिहिला तर तीच ओळ 17 अक्षरांची होते. पाऊण-एक सेकंदात वाचून प्रेक्षकाची नजर बाबांच्या चेहऱ्यावर परत जाते, आणि निम्मा उद्गार तर तिथेच आहे.

आईच्या ओळीत ‘छे हो’चा अर्थ पुढच्या ‘काहीतरीच’मध्ये मिसळून टाकता येतो : ‘दॅट कान्ट बी राइट. लुक अगेन.’ वेगळा उद्गार लागत नाही, अविश्वास वाक्यातच आहे. ‘हो’ आणि ‘बघा’तला नवऱ्याला दिलेला मान मात्र जातो. तिथे ‘डिअर’ घालण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा, कारण सांगलीच्या या बाईने नवऱ्याला सासूसमोर ‘डिअर’ म्हणणं हे मान जाण्यापेक्षा वाईट.

आजीला ‘माय गुडनेस’ पुरतं. ‘ओ डिअर’ कमी पडेल. त्यात हळहळ आहे, धक्का नाही.

उरला बाबांचा ‘शाब्बास’. मराठीत हा उपरोध स्वर लांबवून कळतो, पडद्यावर तो ऐकूही येतो, पण मराठी न येणाऱ्याला तो सूर ओळखता येईलच असं नाही. इंग्रजीत उपरोध बहुतेक वेळा थंड असतो. म्हणून ‘वेल डन’च्या आधी एक ‘ओ’ येतो आणि शेवटचं उद्गारचिन्ह काढून पूर्णविराम दिला जातो. ब्रिटिश प्रेक्षकासाठी नुसतं ‘ब्रिलियंट’, अमेरिकन प्रेक्षकासाठी ‘ग्रेट. जस्ट ग्रेट.’ हेही चालेल. एका चिन्हाने एवढा फरक पडतो हे मराठी लेखकांना पटायला वेळ लागतो. विरामचिन्हं मराठीत रुळवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडी या इंग्रजाला दिलं जातं. त्याने आणलेलं उद्गारचिन्ह मराठीने असं काही आपलं केलं, की आज आपल्या संवादांत ते पानोपानी असतं. आजच्या इंग्रजीत मात्र त्याचा वापर हात राखून होतो, आणि जास्त झालं की पात्रं ओरडताहेत असं वाटतं. अनुवादात मराठी पानावरची उद्गारचिन्हं निम्म्याहून कमी झाली तर बहुधा ते योग्यच असतं.

हाच प्रसंग इंग्रजीत डब करायचा असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. कॅमेरा बाबांच्या चेहऱ्याजवळ असेल तर ओठ दिसतात, आणि ‘बाप’ म्हणताना ओठ दोनदा मिटतात. ‘गुड गॉड’मध्ये ते एकदाही मिटत नाहीत, प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण काहीतरी खटकतं. ‘बॉय, ओ बॉय’ ओठांना जुळतं, पण ते जरा अमेरिकन आणि हसरं आहे. ‘ओ माय गॉड’मध्ये एक ‘म’ तरी मिटतो, म्हणून डबिंगमध्ये हा झिजलेला उद्गार पुन्हा हजर होतो. दूरच्या दृश्यात ही अडचण नसते, तिथे अर्थाला झुकतं माप देता येतं.

काही उद्गार असे, की आवाज दोन्ही भाषांत तोच आणि भावना उलट. जीभ दाताला लावून काढलेला ‘च् च्’ मराठीत दयेचा. त्यावरून ‘चुकचुकणे’ हे क्रियापदच आलं. कोणाचं वाईट झालं की माणसं चुकचुकतात. इंग्रजीत तोच आवाज ‘टट-टट’ किंवा ‘टस्क-टस्क’ असा लिहितात आणि तो नापसंतीचा आहे. वाह्यात मुलाकडे पाहून शिक्षिका काढते तो. शेजारणीच्या घरी दुखवट्याला गेलेली बाई इंग्रजी अनुवादात ‘टस्क-टस्क’ करू लागली, तर ती मेलेल्या माणसाला दोष देते आहे असं वाचकाला वाटेल. तिथे ‘पुअर थिंग’ लिहून आवाज सोडून द्यावा.

आणि ‘इश्श’? त्याला इंग्रजी शब्द शोधण्यात अनुवादकांनी बराच वेळ घालवला आहे, हाती फारसं काही लागलेलं नाही. तो लाज आहे, लटका राग आहे, आवडल्याची कबुलीही आहे, आणि तो बाईचाच आहे. शिवाय विशिष्ट काळातल्या बाईचा. ‘ओ, स्टॉप इट’ हा त्यातल्या त्यात जवळचा, कारण तोही थांबू नकोस असं सुचवतच म्हटला जातो. कागदावर छापायच्या कथेत मात्र आणखी एक वाट मोकळी असते : उद्गार गाळायचा आणि तिने पदर तोंडाशी नेला, एवढंच लिहायचं. पडद्यावर तेही लिहायला नको, ती ते करतेच आहे.